न पाठवायचं पत्र लिहिताना राग का वाढतो?

"जवळच्या मैत्रिणीने माझं गुपित दुसऱ्यांना सांगितलं. पत्र लिहायचं आणि पाठवायचं नाही, राग निघून जातो म्हणतात. मी दोनदा लिहिलं, उलट जास्तच डोकं तापलं. माझं काय चुकतंय?"

बहुतेक वेळा अशा पत्रात नुसती दूषणं असतात. "तू विश्वासघातकी आहेस, तुला लाज नाही" हेच दहा वेळा लिहिलं की मन तेच घोळवत बसतं, आणि घोळवलेला राग निवत नाही. पहिलं पान दूषणांनी भरलं तर भरू द्या, फक्त तिथे थांबू नका.

त्यानंतर तुम्हाला कळलं तो क्षण लिहा. "सगळ्यांना कळलं" असं मोघम नको. समजा, गुपित झोपेच्या गोळ्यांचं होतं, तर असं: "सुट्टीत एक सहकारी जवळ येऊन हळूच म्हणाली, 'आता झोप लागते का?' ती गोष्ट मी फक्त तुला सांगितली होती. मी 'हो' म्हणाले आणि उठून गेले." इतकं लिहिलं की पुढची ओळ सहसा आपोआप येते: "आता कुणी नुसतं पाहिलं तरी वाटतं, हिलाही माहीत असेल." रागाखाली ही लाज आणि भीती असते. ती कागदावर येईपर्यंत पत्र अर्धवटच आहे.

मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986 च्या प्रयोगात लोक मनाला लागलेल्या घटनेबद्दल सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं लिहीत होते. तेवढंच करा, घड्याळ लावून. लिहून झाल्या झाल्या मन जड होतं, त्या प्रयोगातही झालं होतं, म्हणून झोपायच्या आधी लिहू नका. पेनेबेकर यांच्या नंतरच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "आता कळतंय" असे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला. म्हणून तिसऱ्या दिवशी तिने का सांगितलं असेल ते लिहा आणि तुम्हाला नक्की माहीत असलेल्या वाक्यांखालीच रेघ मारा. "तिने मुद्दाम केलं" याखाली बहुधा रेघ मारता येत नाही. तिला माफ करण्याशी याचा संबंध नाही.

फोनवर, तिच्या चॅटमध्ये तर मुळीच लिहू नका. एक चुकीचं बोट पुरे. कागदावरही गुपिताला "ती गोष्ट" म्हणा, कारण पत्र दुसऱ्याच्या हाती लागलं तर तेच पुन्हा घडेल.

चौथ्या दिवशी कागद फाडून टाका. जपानच्या नागोया विद्यापीठाच्या 2024 मधल्या प्रयोगात, अपमानाचा राग कागदावर उतरवून तो टाकून देणाऱ्यांचा राग जवळपास आधीच्या पातळीवर आला. कागद जपून ठेवणाऱ्यांचा तितका उतरला नाही. तो राग मात्र ताजा, अनोळखी माणसाच्या शेऱ्यांवरचा होता. जुन्या मैत्रिणीच्या बाबतीत एका फाडण्यात तेवढं होईलच असं नाही.

चारही दिवस तीच वाक्यं तशीच येत राहिली, तर पाचवं पत्र लिहू नका. तेव्हा समुपदेशकाशी बोललेलं बरं.