कारण ऐकून घेतलं म्हणजे माफ केलं का?

‘धाकट्या दिराने घरातले पैसे न सांगता उचलले आणि बुडवले. विचारलं की म्हणतो, परिस्थितीच तशी होती, माझा नाइलाज होता, मला माहीत नव्हतं. त्याचं ऐकून घेतलं की मी चूक पोटात घातली असं वाटतं. नाही ऐकलं तर मीच निष्ठुर ठरते. मी नक्की काय करायचं?’

काही वर्षांपूर्वी अशाच प्रश्नावर एक बहीण-भाऊ माझ्याकडे आले होते. ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत, पण पेच तसाच ठेवला आहे. आईच्या पाटल्या आणि तोडे भावाने गहाण टाकून दोन लाखांचं सोनेतारण कर्ज काढलं होतं. पुढे त्या दागिन्यांचा लिलाव झाला आणि बहिणीला ते लिलावानंतरच कळलं. पहिल्या भेटीत भाऊ एका दमात बोलला, ‘ताई, आईच्या ऑपरेशनसाठीच काढलं होतं. ते वसुलीवाले जीव खात होते. लिलावाचं मला माहीतच नव्हतं आणि पैसे भरायला निघालो तेव्हा अॅक्सिडेंट झाला.’ ताई म्हणाली, ‘बघा मॅडम, एक कारण पुरत नाही म्हणून चार सांगतोय.’

मला मात्र ती चार कारणं एका जातीची वाटत नव्हती. मी कागद घेतला आणि प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर लिहिलं. पहिलं वाक्य सांगत होतं की मी केलं आणि ते बरोबरच होतं. हे समर्थन. उरलेली तीन सांगत होती की झालं ते वाईटच, पण पूर्ण दोष माझा नाही. ही सबब. सबब म्हटलं की आपल्याला खोटं बोलणं आठवतं, पण इथे मी तो शब्द शिवीसारखा वापरत नाही. सबब खरी असू शकते. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५६ मध्ये हा फरक नेमका मांडला: समर्थनात माणूस जबाबदारी घेतो आणि वाईटपणा नाकारतो, सबबीत वाईटपणा मान्य करतो आणि जबाबदारी कमी करून मागतो. समुपदेशनात मी तो एका प्रश्नाने तपासते, ‘तीच वेळ पुन्हा आली तर तेच करशील? आणि करताना मान वर ठेवशील?’

ऑपरेशनच्या ओळीवर भाऊ लगेच ‘हो’ म्हणाला. आईच्या आतड्यात अडथळा झाला होता, रात्रीच ऑपरेशन ठरलं, ती आयसीयूत, ताईचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साठ हजार भरायचे होते. ताईही गप्प झाली. तिनेही तेच केलं असतं. त्या साठ हजारांबद्दल माफीचा प्रश्नच येत नव्हता, कारण ती चूकच नव्हती.

मग मी विचारलं, ‘आणि उरलेले एक लाख चाळीस हजार?’

ते दोन महिन्यांनी, त्याच दागिन्यांवर कर्ज वाढवून घेतले होते. तरी अकरा महिने तो सगळ्या दोन लाखांना ‘आईचं ऑपरेशन’ म्हणत होता, स्वतःशीसुद्धा. खऱ्या समर्थनाची चादर अशी शेजारच्या कृत्यावर ओढली जाते. घरोघरी मी हे पाहते आणि फसवणुकीपेक्षाही हे जास्त घोळ घालतं, कारण ऐकणाऱ्याला चादरीचं एक टोक खरं दिसत असतं.

एक लाख चाळीस हजारांची गोष्ट दबावाची होती. मोबाइल अॅपवरून घेतलेलं कर्ज थकलं होतं. वसुलीवाले दिवसाला तीस-चाळीस फोन करत आणि फोटो बदलून सगळ्या नातेवाइकांना पाठवू म्हणत. हा दबाव खरा होता, मी मेसेज पाहिले. पण दबाव सांगितला की मी तीन गोष्टी विचारते: धमकी कसली होती, दुसरी वाट होती का, आणि त्या कोंडीत माणूस आपल्या पायाने गेला का. आपला फौजदारी कायदा तर याहून कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२ मध्ये तत्काळ मृत्यूची भीती असेल तरच धमकीची सबब चालते, आणि माणूस आपणहून त्या परिस्थितीत गेलेला नसावा लागतो. घरात इतकं कडक व्हायची गरज नाही. पण शेअर बाजारात ऑप्शन्स खेळायला त्याने ते कर्ज घेतलं होतं आणि ताईला फोन करायची वाट उघडी होती. त्यामुळे दबावाने दोष हलका होत होता, पुसला जात नव्हता. ‘पुन्हा करशील?’ यावर तो बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला.

अज्ञानाची ओळ सर्वांत कच्ची निघाली. दरमहा व्याज भरलं की सोनं सुरक्षित, असा त्याचा समज होता. कर्जाची मुदत बारा महिने होती आणि मुद्दल शेवटी एकरकमी फेडायचं होतं. तारीख पावतीवरच छापलेली होती. ती पावती त्याने माझ्यासमोर पाकिटातून काढली, चार घड्यांची, कधीच न उघडलेली. लिलावाच्या सूचना जुन्या मोबाइल नंबरवर आणि जुन्या पत्त्यावर गेल्या होत्या. वसुलीवाल्यांना चुकवण्यासाठी त्याने नंबर बदलला होता आणि तो कर्ज देणाऱ्यांना कळवला नव्हता. न कळण्याची सोय त्याने स्वतःच केली होती. त्याला माहीत नव्हतं हे खरंच, पण माहीत करून घेणं त्याच्या हातात होतं आणि त्यात कष्टही नव्हते.

आणि अपघात? ताईचा सगळ्यात कमी विश्वास याच ओळीवर होता, कारण ते ऐकायला अगदी सिनेमातलं वाटतं. पण जुन्या घराच्या शेजाऱ्याने नोटीस आणून दिल्यावर भावाने मित्राकडून पैसे उभे केले होते. पावसात स्कूटर घसरली, मनगट मोडलं आणि ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात गेले. डिस्चार्ज कार्ड होतं, तारखा जुळत होत्या, स्कूटर तो बेताने चालवत होता. चारही ओळींत ही सबब सगळ्यात निखळ होती. ताईने कार्ड दोनदा वाचलं आणि त्याच्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मात्र अपघाताने शेवटच्या चार दिवसांचाच हिशोब दिला, आधीच्या अकरा महिन्यांचा नाही.

म्हणून मी कागदावर पाचवी ओळ लिहिली, जी त्याने सांगितलीच नव्हती: ‘कुणाला सांगितलं नाही.’ आई शुद्धीवर आली त्या दिवशी साठ हजारांचं सांगून टाकता आलं असतं. या लपवण्याला कोणतं कारण, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘काहीच नाही. लाज वाटली.’ ताई रडली ती या वाक्यावर.

तुमच्या दिरांच्या बाबतीतही एवढंच करा. त्यांना सगळं एकदम सांगू देऊ नका. कशासाठी किती पैसे, कोणत्या दिवशी, कोणतं कारण, हे ओळीओळीने विचारा आणि कारण ज्या रकमेचं आहे त्याच रकमेपुढे लिहा. जिथे समर्थन टिकतं तिथे माफी मागायला लावू नका. जिथे सबब खरी आहे तिथे राग कमी करा, भरपाई सोडू नका. खऱ्या सबबीनेही गेलेले पैसे परत येत नाहीत.

त्या घरात हिशोब असा लागला: लिलावातून कर्ज आणि व्याज वळतं करून उरलेले पैसे भावाच्या खात्यावर परत आले होते, ते त्याने त्याच आठवड्यात आईच्या नावावर केले. एक लाख चाळीस हजार त्याने दरमहा पाच हजारांनी फेडायचे ठरले, साठ हजार घराने मिळून सोसले. आईला सांगायला दोघं एकत्र गेले. पाटल्या गेल्याचं ऐकून ती एवढंच म्हणाली, ‘माझ्यासाठी मोडल्यास ते बरं केलंस. दुसऱ्यांदा का मोडल्यास, ते सांग.’