दुसरी फाउंड्री जोडू का?

"भोसरीत छोटा गिअरबॉक्सचा कारखाना आहे. महिन्याला 400 हाउसिंग, सगळी कोल्हापूरच्या एकाच फाउंड्रीतून येतात. बेळगावचा एक जण किलोला 8 रुपये जास्त मागतोय आणि पॅटर्नचा खर्च अडीच लाख. घ्यावा का? अडचणीसाठी बँकेच्या आरएमने वर्षाला 5 लाखाची युलिप दिलीय, दोन हप्ते भरले, तिसरा पुढच्या महिन्यात. सीसी 11 टक्क्यांनी चालू आहे."

दादा, आधी त्या युलिपचं बोलू. अडचणीला पैसा हवा म्हणून तुम्ही तो अशा ठिकाणी ठेवलाय की पाच वर्षं हात लावता येत नाही, फाउंड्री उद्या बंद पडली तर त्यातून एक रुपया निघणार नाही. आणि दुसरीकडे तुम्ही सीसीवर व्याज भरताय, म्हणजे त्या 10 लाखांवर वर्षाला 1.1 लाख चाललेत. फंड वाढेल म्हणाल, तो वाढेल तेव्हा वाढेल, व्याज मात्र दर महिन्याला कापलं जातं. आरएमने टॅक्स-फ्री सांगितलं असेलच, पण फेब्रुवारी 2021 नंतरच्या युलिपमध्ये वर्षाचा प्रीमियम अडीच लाखांच्या वर गेला की मॅच्युरिटीच्या फायद्यावर टॅक्स लागतो, हे बोलायचं बहुतेक त्याला सुचलं नाही.

तिसरा हप्ता भरू नका. पॉलिसी बंद झाल्याचा चार्ज या टप्प्यावर जास्तीत जास्त 4 हजार लागतो, पैसे किमान 4 टक्क्यांनी पडून राहतात आणि पाच वर्षं झाली की मिळतात. विम्याचं कव्हर जाईल, त्याच्या जागी साधा टर्म घ्या.

वाचलेल्या 5 लाखांतून अडीच लाख पॅटर्नला, बाकी सीसीत. आता हिशोब. हाउसिंग साधारण 8 किलोचं धरतो, चौथा हिस्सा म्हणजे 100 नग बेळगावला दिले तर महिन्याला 6,400 जास्त, वर्षाला पाऊण लाखाच्या आसपास. पॅटर्न पाच वर्षांवर वाटला की अजून 50 हजार. म्हणजे सव्वा लाख, जवळपास तेवढंच त्या 10 लाखांवर व्याज जातंय! समोर काय आहे? फाउंड्री अडली तर नवीन पॅटर्न, सॅम्पल, मशीनिंगची ट्रायल, कस्टमरचं अप्रूव्हल, तीन महिने सहज जातात. नगामागे 1,500 सुटत असतील तर 18 लाख गेले, आणि कस्टमर थांबेलच असं नाही.

तर घ्या, पण दर महिन्याला ऑर्डर द्या, फक्त अडचणीत फोन कराल तर तो तुमचा पॅटर्न शेडच्या कोपऱ्यात टाकून ठेवेल. पॅटर्न नि कोअर बॉक्स तुमच्या मालकीचे असल्याचं लेखी घ्या, जुन्या फाउंड्रीकडूनही (तिथे बहुतेक काहीच कागद नसणार).

आणि एक गोष्ट, बेळगावचा मालही त्याच हायवेने येणार. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात कोल्हापूरजवळ तो बंद होता. त्यामुळे जून संपायच्या आत 200 हाउसिंग शेडमध्ये येऊन पडलेली असू द्या.