चार हप्त्यात मोबाईल घेतोयस ना, मग लेट फीचं गणित आधी बघ

अरे भावा, रत्नागिरीतल्या दुकानात ८,००० चा मोबाईल चार भागात देतायत, व्याज शून्य, हे खरंच आहे, सगळे हप्ते वेळेवर गेले तर वरती एक रुपया लागत नाही. पण हिशोब नीट बघ. २,००० तू काउंटरवरच भरतोस, म्हणजे उधारी ६,००० चीच, आणि तीपण दर महिन्याला २,००० ने कमी होत जाते. पहिला महिना ६,०००, दुसरा ४,०००, तिसरा २,०००, मिळून १२,०००, ते बारा महिन्यांवर पसरलंस तर वर्षभरासाठी १,००० रुपये उसने घेतल्यासारखं झालं. आता समज लेट फी २५० आहे आणि एकच हप्ता पाच दिवस उशिरा गेला, तर त्या १,००० वर २५०, म्हणजे वर्षाला २५ टक्के पडले! दोन हप्ते चुकले की ५०. फी ठरावीक असते ना, म्हणून हप्ता जितका छोटा तितकी ती जास्त लागते.

आणि ऑटोपेला खात्यात पैसे नसतील तर बँक आपला बाउन्स चार्ज वेगळा कापते, तो या हिशोबात धरलेलाच नाही.

सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचा खर्च आणि अटी लिहिलेला कागद, माग. त्यात वर एपीआर, म्हणजे कर्जाचा वर्षाचा एकूण खर्च टक्क्यात, शून्य दिसेल, पण लेट फी त्यात धरत नाहीत, ती खाली वेगळी लिहिलेली असते, ती ओळ वाच.

तुमच्या घरचं उत्पन्न बोटीवरचं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मेमध्ये घेतलास तर दोन हप्ते नेमके बंदीतच येतात. त्यापेक्षा ऑगस्टनंतर घे, नाहीतर हप्त्यांचे ६,००० आधीच बाजूला काढून ठेव.