फाइंडिंग, कन्क्लूजन आणि मधला 'निष्कर्ष'

प्रश्न: आम्ही औसा तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी चालवतो. गोदामातल्या सोयाबीनला बुरशी लागली म्हणून कर्ज देणाऱ्या संस्थेनं दोन पानी इंग्रजी रिपोर्ट मागितलाय. नमुन्यात फाइंडिंग्ज, कन्क्लूजन, रेकमेंडेशन्स अशी शीर्षकं आहेत. पहिल्या दोन्हींना मराठीत निष्कर्षच म्हणतात ना? मग कुठं काय लिहायचं? आणि 'इट इज रेकमेंडेड टू' हे चालतं का? मसुदा आणि मोजणीची टिपणं सोबत जोडली आहेत.

उत्तर: घोळ 'निष्कर्ष' या शब्दानंच घातला आहे. हा शब्द 'कृष्' धातूचा. कृष् म्हणजे ओढणं, नांगरणं. कृषी, आकर्षण, उत्कर्ष ही सगळी त्याचीच भावंडं. निष्कर्ष म्हणजे आतून ओढून बाहेर काढलेलं. म्हणजे आधी कशातून तरी काढावा लागतो, आणि ते 'कशातून तरी' म्हणजेच फाइंडिंग्ज. तेव्हा निष्कर्ष हा शब्द कन्क्लूजनला देऊन टाका आणि फाइंडिंगसाठी 'काय आढळलं' एवढंच मनात धरा. कोर्टाच्या निकालपत्रात मात्र 'मुद्दे' आणि त्यासमोर 'निष्कर्ष' असे रकाने असतात, इंग्रजीत त्याच रकान्याला फाइंडिंग्ज म्हणतात आणि तिथं ते बरोबरही आहे, कारण न्यायाधीश पुरावा तोलून निर्णय देत असतो. तुम्ही निवाडा देत नाही, गोदामात काय दिसलं ते सांगताय.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. लातुरात एका कार्यालयात मी तपासणीच्या टिपणांची भाषांतरं करायचो. एकदा 'फाइंडिंग्ज'खालच्या नोंदींवर मी बिनदिक्कत 'निष्कर्ष' असं शीर्षक ठोकलं. मूळ नोंद एवढीच होती की फळ्या टाकलेल्या नव्हत्या. निष्कर्षाखाली तीच नोंद वाचणाऱ्याला दोषारोपासारखी वाटली आणि गोदाम सांभाळणाऱ्याला खुलासा मागणारं पत्र गेलं. तो बिचारा माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाला, "साहेब, फळ्याच नव्हत्या की ओ, मागू मागू थकलो." त्याचं खरं होतं. पुढं पत्र मागं घेतलं गेलं, पण तोवर दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही.

आता तुमचा मसुदा. त्यातलं मुख्य वाक्य असं आहे: 'ड्यू टू केअरलेसनेस ऑफ गोडाउन स्टाफ अँड हेवी रेन्स इट हॅज बीन फाउंड दॅट द सोयाबीन वॉज डॅमेज्ड अँड नेसेसरी ॲक्शन शुड बी टेकन.' हे वाक्य इंग्रजी कपड्यातलं आपलं सरकारी मराठी आहे: 'हलगर्जीपणामुळे नुकसान झाल्याचे निदर्शनास आले असून आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी.' मराठीत 'असून' हा असा सांधा आहे की त्याला कितीही डबे जोडता येतात. इंग्रजीत ते काम 'अँड'वर पडतं आणि वाक्याची मालगाडी होते. पण भाषेपेक्षा मोठी अडचण अशी की एकाच वाक्यात तुम्ही आढळलेलं (सोयाबीन खराब), काढलेलं (हलगर्जीपणा) आणि सुचवलेलं (कार्यवाही) असं तिन्ही कोंबलं आहे. वाचणाऱ्याला पुरावा कुठं संपला आणि मत कुठं सुरू झालं ते कळत नाही.

वेगळं काढायची खूण सोपी आहे. वाक्य लिहिल्यावर स्वतःलाच विचारा, 'कशावरून?' उत्तरादाखल एका नोंदीवर, एका मोजणीवर किंवा एका फोटोवर बोट ठेवता आलं तर ते फाइंडिंग. दोन-तीन नोंदींवर बोट फिरवून 'म्हणून' म्हणावं लागलं तर ते कन्क्लूजन. आणि बोट ठेवायला काहीच सापडलं नाही तर ते वाक्य खोडा. 'केअरलेसनेस'पाशी बोट ठेवायला तुमच्या टिपणांत काहीच नाही.

टिपणं मात्र चांगली आहेत, मसुद्यापेक्षा कितीतरी चांगली. 420 पोत्यांपैकी 38 पोत्यांना बुरशी. त्यातली 31 पश्चिमेच्या भिंतीलगत, थप्पीच्या सगळ्यात खालच्या थरात, आणि तिथं पोत्यांखाली लाकडी फळ्या नाहीत. या पोत्यांत ओलावा 16 ते 19 टक्के, बाकीच्या चांगल्या पोत्यांत 10 ते 12. पत्र्यावर गळतीचे डाग नाहीत. उरलेली सात पोती वरच्या थरांत विखुरलेली, पण सातही एकाच दिवशी आलेल्या मालातली, आणि त्या दिवशी आवक नोंदवहीतला ओलाव्याचा रकाना कोरा.

यातून फाइंडिंग्ज अशी लिहा, एका वाक्यात एकच गोष्ट, भूतकाळात: 'वी चेक्ड 420 बॅग्ज. थर्टी-एट हॅड मोल्ड. थर्टी-वन ऑफ दीज वेअर इन द बॉटम लेअर अगेन्स्ट द वेस्ट वॉल. देअर वेअर नो प्लँक्स अंडर देम.' पुढं ओलाव्याचे आकडे, मग पत्र्याचं, मग सात पोत्यांचं. इतकी आखूड वाक्यं लिहायची आपल्याला लाज वाटते, शाळेतल्या निबंधासारखी वाटतात म्हणून. वाटू द्या. कर्जाच्या फायली बघणारा माणूस त्यांना दुवाच देईल. 'इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट' हे शेपूट प्रत्येक वाक्याला लावू नका, शीर्षकातच 'फाइंडिंग्ज' म्हटलंय. प्रत्येक फाइंडिंगला 3.1, 3.2 असा क्रमांक द्या, तो पुढं उपयोगी पडणार आहे.

कन्क्लूजनमध्ये 'म्हणून' येतं. पत्रा गळत नाही, खराब पोती खाली आणि भिंतीला, खाली फळ्या नाहीत. म्हणून: 'द डॅम्प मोस्ट प्रॉबेबली केम अप फ्रॉम द फ्लोअर ऑर थ्रू द वेस्ट वॉल, नॉट फ्रॉम द रूफ.' इथं 'मोस्ट प्रॉबेबली' हवंच, कारण ओल चढताना कुणी पाहिलेली नाही. सात पोत्यांबद्दल तुम्ही मसुद्यात मौन पाळलंय. तसं करू नका. हिशेब 38 चा सांगून 31 चाच खुलासा केला तर वाचणारा नेमका सातावरच अडतो. लिहा: 'द अदर सेव्हन बॅग्ज मे हॅव बीन वेट ऑन अरायव्हल. वी कॅनॉट कन्फर्म धिस, बिकॉज नो मॉइश्चर रीडिंग वॉज रिकॉर्डेड दॅट डे.' पाऊस जोराचा झाला असेलही, पण तुम्ही पावसाची नोंद जोडलेली नाही. जोडा, नाहीतर पावसाला यातून वगळा.

शिफारशींकडे येतो. 'शिफारस' हा मुळात फारसीतला 'सिफारिश', आणि आपल्याकडं तिला अजून वशिल्याचा वास आहे. 'साहेबांची शिफारस आणा' यातली ती शिफारस. त्यामुळं असेल कदाचित, रेकमेंडेशन लिहिताना आपण अदबीनं वाकतो आणि कर्ता गाळतो: करण्यात यावी, घेण्यात यावी. कुणी? कधी? 'नेसेसरी ॲक्शन शुड बी टेकन' या वाक्यावर कुणीही काहीही न करता वर्ष काढू शकतं. कामं दोन आणि ती कुणाची हे उघड आहे: 'द कंपनी शुड पुट प्लँक्स अंडर ऑल बॉटम बॅग्ज बिफोर द नेक्स्ट सीझन. द गोडाउन कीपर शुड टेस्ट एव्हरी लॉट ऑन अरायव्हल अँड राइट द रीडिंग इन द रजिस्टर.' याला पुस्ती जोडा, की 12 टक्क्यांवरचा माल वाळवल्याशिवाय थप्पीला लावू नये. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलावा हीच नेहमीची मर्यादा असते (2024 च्या हंगामात ती 15 पर्यंत सैल केली होती), त्यामुळं हा आकडा तुम्ही मनानं घातलेला वाटणार नाही. प्रत्येक शिफारशीपुढं ती कोणत्या फाइंडिंगवर उभी आहे तो क्रमांक घाला.

क्रमांक घालायला बसलात की तुमची चौथी शिफारस आपोआप गळेल: 'सीसीटीव्ही शुड बी इन्स्टॉल्ड.' तिच्यापुढं घालायला क्रमांकच नाही. चोरीचा विषय रिपोर्टात कुठंही नाही, आणि बुरशी काही रात्री कुंपणावरून उडी मारून येत नाही. आपल्याकडं कुठल्याही अहवालाच्या शेवटी सीसीटीव्ही उगवतोच, पाऊस पडला की तरोटा उगवावा तसा.

तुमचा व्याकरणाचा प्रश्न. 'वी रेकमेंड टू रिपेअर द वॉल' हे चूक. 'इट इज रेकमेंडेड टू रिपेअर' हे औषधाच्या नि यंत्राच्या माहितीपत्रकांत सर्रास दिसतं, त्यामुळं कुणी लाल शाई चालवेलच असं नाही, पण त्यातही कर्ता गायब आहे, म्हणून मी टाळतो. निर्धोक दोन रचना आहेत: 'वी रेकमेंड रिपेअरिंग द वॉल' आणि 'वी रेकमेंड दॅट द कंपनी रिपेअर द वॉल'. दुसरीत 'रिपेअर'ला एस नाही, ही छापण्यातली चूक नव्हे. आपण 'कंपनीनं दुरुस्त करावी' म्हणतो ना, त्या 'करावी'तला विध्यर्थ इंग्रजीत क्रियापद उघडं ठेवून दाखवतात. कुणी शंका काढेल असं वाटलं तर मध्ये 'शुड' घाला, मिटलं. 'सजेस्ट'लाही हेच लागू.

बाकीची शीर्षकं फार वेळ खात नाहीत. सुरुवातीला 'पर्पज'खाली दोन वाक्यं, रिपोर्ट कुणी मागितला आणि कशाबद्दल. मग 'हाउ वी चेक्ड'खाली तारीख, किती पोती उघडली, ओलावा कशानं मोजला. हे दुसरं शीर्षक तुमच्या नमुन्यात नाही, तरी घाला. ते नसेल तर 16 ते 19 टक्के हा आकडा मीटरनं सांगितला की दाताखाली दाणा फोडून बघितला, हे वाचणाऱ्याला कसं कळावं?

जाता जाता मथळा तेवढा बदला. 'रिपोर्ट ऑन सोयाबीन डॅमेजेस' असं तुम्ही लिहिलंय. नुकसान अनेक पोत्यांचं म्हणून अनेकवचन केलं असणार, पण इंग्रजीत 'डॅमेज' म्हणजे नुकसान आणि 'डॅमेजेस' म्हणजे कोर्टात मागायची नुकसानभरपाई. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या टेबलावर त्या एका 'एस'पायी तुमची फाइल कायदे विभागाकडं जायची.