बॅटरीचे १२ व्होल्ट आर्डुइनोला दाखवताना

तुमची बॅटरी १२ व्होल्टची म्हणत असलात, तरी हिशेब १४.४ व्होल्ट धरून करा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना तेवढी चढते आणि आर्डुइनो उनोची ॲनालॉग पिन ५ व्होल्टच्या वर सोसत नाही. म्हणून पिनवर जास्तीत जास्त ४.५ व्होल्ट येऊ द्यावेत. त्यासाठी बॅटरी आणि ग्राउंडच्या मध्ये दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून व्होल्टेज डिव्हायडर करा आणि दोघांच्या जोडावरून पिनला तार द्या:

`Vout = Vin × R2 / (R1 + R2)`

यात Vin म्हणजे बॅटरीचे व्होल्ट, Vout म्हणजे पिनवरचे, R1 म्हणजे बॅटरीकडचा रेझिस्टर आणि R2 म्हणजे ग्राउंडकडचा. नवखे इथेच अदलाबदल करतात. रेझिस्टर निवडताना सूत्र उलटं वापरा:

`R1 / R2 = Vin / Vout − 1`

१४.४ भागिले ४.५ म्हणजे ३.२, त्यातून १ गेला, उरले २.२. खालचा १० किलोओहम, तर वरचा २२ किलोओहम. दोन्ही दुकानात सहज मिळतात.

गुणोत्तर तेच ठेवून २.२ किलो आणि १ किलो घेतले तर बॅटरीतून उगाच दहापट करंट वाहतो. २२० आणि १०० किलो घेतले तर करंट वाचतो, पण रीडिंग भरकटू शकतं, कारण उनोच्या एडीसीला, म्हणजे पिनवरचे व्होल्ट आकड्यात बदलणाऱ्या भागाला, साधारण १० किलोओहमपर्यंतचाच सोर्स रेझिस्टन्स चांगला चालतो. आपल्या २२ आणि १० किलोच्या जोडीचा तो, दोन्ही समांतर धरून, सुमारे ६.९ किलो भरतो.

या जोडावरून दुसरं काही मात्र चालवू नका. तिथे १० किलोचा लोड लावलात तर खालचा रेझिस्टर प्रत्यक्षात ५ किलो होतो आणि ४.५ व्होल्टचे २.६७ उरतात. शंका आली तर लोड काढून आणि लावून मल्टिमीटरने मोजा, फरक लगेच दिसेल.