पासबुकात वाढ, पिशवीत घट

प्रश्न: बचत खात्यावर व्याज मिळतंय, शिल्लक वाढतेय, मग पैशाची किंमत कमी होते असं का म्हणतात?

कारण पासबुकात फक्त रुपये छापले जातात, त्यांत काय विकत मिळतं ते नाही. आईच्या खात्यात वर्षानुवर्षं जमेच्याच नोंदी दिसायच्या, त्यामुळे आम्हालाही शंका आली नाही.

समजा, 1,00,000 रुपये 3 टक्क्यांनी 15 वर्षं ठेवले. त्यांचे साधारण 1,56,000 होतील. महागाई या काळात दरवर्षी 6 टक्के राहिली, तर मंडई, किराणा, गॅस मिळून आज लाखात येणाऱ्या सामानाला तेव्हा सुमारे 2,40,000 लागतील. म्हणजे सामान आजच्या 65,000 रुपयांइतकंच येईल. वर्षाला जेमतेम पावणेतीन टक्क्यांची ही झीज एका वर्षात जाणवत नाही, पण ती चक्रवाढीने साचते.

महागाई व्याजदराच्या खाली राहिली, तर अर्थातच झीज होत नाही. पण सरकारी आकडा म्हणजे देशाची सरासरी असते. पुण्यात भाडं आणि मुलांची फी हाच तुमचा मोठा खर्च असेल, तर स्वतःच्या दोन वर्षांच्या पावत्या शेजारी ठेवून वाढ काढा आणि ती व्याजदराशी ताडून बघा. अडीअडचणीचे पैसे मात्र बचत खात्यातच असू द्या.