‘सिली पॉइंट’मधला सिली कोण?

प्रश्न: सिली पॉइंटमधलं ‘सिली’ म्हणजे मूर्खच ना? ‘गली’ म्हणजे आपली गल्ली का? आणि फाइन लेगमध्ये ‘फाइन’ काय आहे? कॅप्टन तिथे माणूस नक्की कशासाठी ठेवतो?

हो, सिली म्हणजे वेडेपणाच; पण तो अंतराचा. पॉइंट ही ऑफला, फलंदाजाच्या जवळपास काटकोनातली जागा. त्या दिशेने माणूस बॅटपासून दोन-तीन पावलांवर आणून, किंचित पुढे उभा केला की झाला सिली पॉइंट. सिली मिड-ऑन, सिली मिड-ऑफही असेच. ‘शॉर्ट’ म्हणजे जवळ, आणि ‘सिली’ म्हणजे शहाण्या माणसाने उभं राहू नये इतकं जवळ.

इथे माणूस लावतात तो मुख्यतः स्पिनरसाठी. समजा, डावखुरा स्पिनर उजव्या फलंदाजाला टाकतोय आणि चेंडू बाहेर वळतोय. फलंदाज पाय पुढे टाकून, बॅट पॅडला चिकटवून अडवतो. चेंडू थोडा जास्त उसळला तर ग्लव्हला लागतो. कमी वळला तर आतली कड घेऊन पॅडवर आपटतो. दोन्ही वेळा तो हळूच वर उडून पाच-सहा फुटांवर पडतो. हाच तो ‘बॅट-पॅड’ झेल. स्लिपमधला माणूस तिथे पोचूच शकत नाही. दुसरा फायदा असा, की समोर माणूस दिसला की फलंदाज बॅट पुढे ढकलायला कचरतो, पॅडने खेळू लागतो आणि पायचीतची शक्यता वाढते.

नियमाची मर्यादाही आहे. खेळपट्टी 10 फूट रुंद असते. चेंडू बॅटला किंवा फलंदाजाला लागेपर्यंत, नाहीतर त्याला ओलांडून जाईपर्यंत क्षेत्ररक्षकाचं बोटही तिच्यावर आलं तर नो-बॉल. ग्लव्हज फक्त यष्टिरक्षकाला. इतरांना हेल्मेट आणि पँटच्या आत शिनगार्ड चालतात. सर्वांत जास्त झेल सुटतात ते क्षेत्ररक्षक लवकर उठल्याने. गुडघे वाकवून, हात जमिनीलगत ठेवून खाली राहायचं आणि बॅट-पॅडकडे बघायचं. खालून वर येणं सोपं असतं. उभं राहिल्यावर खाली जायला वेळ मिळत नाही. आणि स्पिनरने आखूड, बाहेरचा चेंडू टाकला तर कटचा फटका थेट अंगावर येतो, म्हणून टप्प्यावर ताबा नसलेल्या गोलंदाजाला कॅप्टन ही जागा देत नाही.

लेगच्या बाजूची हिची जुळी बहीण म्हणजे फॉरवर्ड शॉर्ट लेग. मुंबईचा एकनाथ सोळकर तिथे हेल्मेटशिवाय उभा राहायचा. 1971 मध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर अॅलन नॉटचा झेल त्याने पुढे झेपावून घेतला. इंग्लंडचा तो डाव 101 धावांत आटोपला आणि भारताने कसोटी जिंकली. 27 कसोटींत त्याचे 53 झेल आहेत.

गलीचा आपल्या गल्लीशी संबंध नाही. इंग्रजी गली म्हणजे पाण्याने कापलेली घळ. स्लिप आणि पॉइंट यांच्यामधली अरुंद फट म्हणून हे नाव. पातळ कड लागली की चेंडू स्लिपकडे जातो. कड जाड असेल किंवा उसळत्या चेंडूवर कट वर उडाला तर तो गलीकडे वळतो. म्हणून उसळी असलेल्या खेळपट्टीवर वेगवान गोलंदाजाला गली हवीच. पहिल्या स्लिपचा माणूस चेंडू गोलंदाजाच्या हातापासून बघतो. गलीचा माणूस नजर बॅटवरच ठेवतो.

फाइन लेगमधला फाइन म्हणजे ‘छान’ नव्हे. दोन्ही टोकांच्या मधल्या यष्ट्या जोडणारी रेषा मागे वाढवली, की तिच्याशी कमी कोन करणारी जागा फाइन. काटकोनातली ती स्क्वेअर. सीमारेषेवरचा फाइन लेग पॅडवरच्या चेंडूचा ग्लान्स अडवतो आणि बाउन्सरवरच्या हूकची वरची कड झेलतो. पण लेगला पॉपिंग क्रीजच्या मागे दोनच क्षेत्ररक्षक चालतात. तिसरा आला तर नो-बॉल. 1932-33 च्या बॉडीलाइन मालिकेत लेगला झेलासाठी लावलेल्या रांगेमुळे पुढे हे बंधन आलं. म्हणून लेग स्लिप आणि फाइन लेग दोन्ही ठेवले, की बॅकवर्ड स्क्वेअर लेग सोडावा लागतो.

समालोचनात ‘फाइन लेग वर आहे’ ऐकलं, तर तो 30 यार्डांच्या वर्तुळात आलाय असं समजायचं. सीमारेषेवर मोजकेच क्षेत्ररक्षक चालत असताना डीप पॉइंटला माणूस हवा असेल, तर कॅप्टन बहुधा यालाच आत ओढतो. मग गोलंदाजाला ऑफ यष्टीच्या बाहेरच टाकावं लागतं, कारण पॅडवर पडलेला प्रत्येक चेंडू नुसत्या स्पर्शाने चौकार जातो. फलंदाजही हे ओळखतो: तो ऑफकडे सरकतो आणि गोलंदाजाचा बाहेरचा चेंडूच फाइन लेगवरून स्कूप करतो.